मागे न सरकणारा स्टॉप

गेल्या 20 दिवसांत किंमत ज्या सर्वांत वरच्या पातळीला शिवली, ती पातळी आज ओलांडली गेली की खरेदी करायची. नंतर गेल्या 10 दिवसांतला सर्वांत खालचा भाव तुटला की विकून बाहेर पडायचं. चॅनल ब्रेकआउटचा नियम एवढाच आहे. अमेरिकेच्या वायदे बाजारात रिचर्ड डॉन्चियन यांनी त्याला ओळख मिळवून दिली. त्यांच्या मूळ नियमात दोन्ही बाजूंना चार आठवड्यांचीच मुदत होती. चार आठवड्यांचा उच्चांक तुटला की खरेदी करायची, नीचांक तुटला की ती खरेदी विकून, भाव आणखी पडेल या अंदाजाने उलटी विक्री करायची. पुढे 1983 मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिस यांनी ‘टर्टल्स’ नावाने ओळखल्या गेलेल्या शिकाऊ गटाला याचंच सुधारलेलं रूप शिकवलं. त्यात आत शिरण्यासाठी 20 दिवस आणि बाहेर पडण्यासाठी 10 दिवस अशा दोन वेगळ्या खिडक्या होत्या.

लोक चर्चा करतात ती बहुधा आत शिरण्याची. मला मात्र बाहेर पडण्याची बाजू जास्त विलक्षण वाटते, कारण तिथला स्टॉप, म्हणजे ज्या भावाला विकून बाहेर पडायचं तो भाव, स्वतःहून वर चढतो आणि खाली येत नाही. हे कसं घडतं ते एका छोट्या उदाहरणात बघू. हिशेब तोंडी करता यावा म्हणून खिडक्या लहान घेतो: आत शिरायला 5 दिवस, बाहेर पडायला 3 दिवस.

पहिल्या पाच दिवसांचे उच्चांक 102, 104, 103, 105, 104 आणि नीचांक 98, 100, 99, 101, 102 असे आहेत. पाच दिवसांतला सर्वोच्च भाव 105. सहाव्या दिवशी बाजार 104 ला उघडतो, 105 ओलांडतो आणि आपली खरेदी 105 ला होते, असं धरू. त्याच क्षणी स्टॉप ठरतो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवसाचे नीचांक 99, 101, 102, म्हणजे स्टॉप 99 वर. या सौद्यात पणाला लागले 6 अंक.

सहाव्या दिवशी भाव 103 आणि 108 यांच्या दरम्यान राहिला. आता सातव्या दिवसाचा स्टॉप काढू. खिडकीत चौथा, पाचवा, सहावा दिवस आहे, म्हणजे 101, 102, 103. स्टॉप 99 वरून 101 वर गेला. भाव वर गेला म्हणून तो चढला असं वाटेल, पण तसं नाही. 99 हा नीचांक तिसऱ्या दिवसाचा होता, तो दिवस जुना होऊन खिडकीबाहेर पडला, म्हणून स्टॉप चढला. सहाव्या दिवसाचा नीचांक 103 ऐवजी 101 असता, तरी स्टॉप 101 वरच आला असता. या स्टॉपला किमतीइतकाच काळही ढकलतो. बाजार नुसता एका पट्ट्यात रेंगाळत राहिला, तरी खिडकीतले जुने, खालचे दिवस एकेक करून गळतात आणि स्टॉप त्या पट्ट्याच्या तळाशी येऊन टेकतो. खिडकीची लांबी म्हणजे बाजाराला किती दिवस रेंगाळू द्यायचं याचं उत्तर आहे.

तो खाली का येत नाही? नीचांक खाली येण्यासाठी खिडकीत आधीच्या नीचांकापेक्षा खालचा दिवस शिरावा लागतो. पण तसा दिवस आला की त्याने स्टॉप तोडलेलाच असतो आणि आपण बाहेर पडलेले असतो. सौदा चालू आहे याचाच अर्थ खालचा दिवस आलेला नाही. एवढ्या साध्या तर्कावर हा ट्रेलिंग स्टॉप उभा आहे.

या तर्काला एक अट आहे, आणि ती सहज नजरेतून सुटते: स्टॉप भाव शिवताक्षणी लागला पाहिजे. पुष्कळ जण दिवसभराच्या धक्क्यांत फसू नये म्हणून बंद भावावर निर्णय घेतात. मग काय होतं पाहा. सातव्या आणि आठव्या दिवसाचे नीचांक 106 आणि 107 आहेत, म्हणून नवव्या दिवशी स्टॉप 103 वर आहे. त्या दिवशी भाव दुपारी 101 पर्यंत घसरला आणि 106 ला बंद झाला. बंद भाव 103 च्या वर, म्हणून सौदा चालू राहिला. दहाव्या दिवसाची खिडकी आता 106, 107, 101 अशी आहे आणि स्टॉप 103 वरून 101 वर घसरला! जोखीम कुणी न ठरवताच वाढली. उपाय सोपा आहे. नवा नीचांक आणि कालचा स्टॉप यांपैकी जो वर असेल तो धरायचा:

```
stop = max(stop, low_10)
```

हे तपासायला स्टॉपची रेघ आलेखावर काढावी. खरेदीच्या सौद्यात ती एकदाही खाली वळली, तर ही ओळ राहून गेली आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. जुन्या आकड्यांवर नियम तपासताना, म्हणजे बॅकटेस्टमध्ये, मी खिडकीत आजचा दिवसही मोजला होता आणि वर्षानुवर्षांच्या आकड्यांवर एकही सौदा दिसेना. कारण उघड आहे: आजचा भाव, आजचा दिवस धरून काढलेल्या उच्चांकाच्या वर कधीच जाऊ शकत नाही. खिडकी कालच संपली पाहिजे:

```
high_20 = high.shift(1).rolling(20).max()
low_10 = low.shift(1).rolling(10).min()
```

इथे निदान चूक ओरडून सांगते. ‘पेक्षा जास्त’ ऐवजी ‘जास्त किंवा समान’ लिहिलं तर ती दडून बसते. सौदे दिसतात, पण ते आजचा उच्चांक आधीच माहीत असल्यासारखे.

आता आपल्या सौद्याचा शेवट पाहू, नियम शिवताक्षणी बाहेर पडण्याचाच ठेवून. समजा नववा दिवस 105 पर्यंतच घसरला. दहाव्या दिवसाचा स्टॉप 106, 107, 105 मधला सर्वांत खालचा, म्हणजे 105. दहाव्या दिवशी बाजार 107 ला उघडला, 104 पर्यंत घसरला आणि आपण 105 ला बाहेर पडलो. भाव मधे 112 पर्यंत गेला होता, तरी हाती शून्य. या नियमात असं वारंवार घडतं. बहुतेक सौदे बरोबरीत किंवा लहान तोट्यात संपतात आणि सगळी भिस्त मोजक्या लांब चालींवर असते.

पण तो दहावा दिवस 107 ऐवजी थेट 102 ला उघडला तर? स्टॉप 105 चा असला तरी 105 ला घेणारा कुणी उरलेला नाही. विक्री 102 ला होते आणि 3 अंकांचा तोटा पदरी पडतो, मुळात पणाला लावलेल्या 6 अंकांच्या निम्मा. बॅकटेस्टमध्ये 105 च लिहिलं तर निकाल फुगतो. म्हणून उघडण्याचा भाव आणि स्टॉप यांतला खालचा भाव धरावा:

```
fill = min(open, stop)
```

टर्टल्स एवढ्यावर थांबत नसत. 20 दिवसांत भाव दिवसाला सरासरी किती हलतो हे मोजून, त्याच्या दुप्पट अंतरावर ते पहिला स्टॉप लावत. 10 दिवसांचा नीचांक खरेदीपासून फार लांब असेल, तर हा जवळचा स्टॉप आधी लागतो.

एक पेच मात्र रोजच्या आकड्यांत सुटतच नाही. सहाव्या दिवशीचा उच्चांक 108 आणि नीचांक 98 असता तर? 105 ओलांडून खरेदी झाली आणि मग 99 चा स्टॉप लागला, की आधी 98 ला जाऊन भाव वर आला आणि स्टॉप लागलाच नाही? दिवसाचे उघडण्याचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद असे चारच भाव दाखवणारी कॅन्डल हा क्रम सांगत नाही. अशा दिवशी मी तोटाच धरतो आणि असे दिवस किती आले ते वेगळं मोजतो. तोटा न धरता आलेला निकाल फारच वेगळा दिसला, तर तासाच्या आकड्यांवर तपासल्याशिवाय पुढे जात नाही.