उसाच्या उताऱ्याची सरळ रेषा आणि तिला वाकवणारी एक नोंद: पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात गळीत हंगामाआधी ऊस किती येणार याचा अंदाज बांधताना दोन आकडे लागतात: नोंदवलेलं क्षेत्र आणि मागच्या हंगामात वजनकाट्यावर पडलेले टन. क्षेत्र आडव्या अक्षावर, टन उभ्यावर, आणि मधून एक सरळ रेषा. ही रेषा बहुतेक ठिकाणी किमान वर्ग पद्धतीनं काढतात. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकली की मिळते ती हीच.

समजण्यापुरते सात प्लॉट घेऊ. आकडे मी सोयीसाठी ठरवलेले आहेत. क्षेत्र १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७० गुंठे आणि ऊस अनुक्रमे ११, १९, ३१, ३९, ५२, ५९, ६९ टन. रेषेचा चढ येतो ०.९८, म्हणजे गुंठ्याला जवळपास एक टन, एकरी चाळीसच्या आत. यात शंका घेण्यासारखं काही नाही.

आता २० गुंठ्यांच्या प्लॉटचे १९.० टन टाइप करताना दशांशचिन्ह राहिलं आणि १९० पडले असं धरा. तीच पद्धत आता चढ देते उणे ०.२४. रान वाढलं की ऊस घटतो! बाकी सहा नोंदी बिनचूक असून त्यांचं काहीच चालत नाही. कारण पद्धतीच्या गाभ्यातच आहे. ती रेषेपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवते. दहापट लांब गेलेली नोंद त्या बेरजेत शंभरपट भरते, म्हणून रेषा तिच्याकडे ओढली जाते.

हा दोष नंतरच्या कुणी शोधून काढला असं नाही. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात ही पद्धत छापली, तेव्हाच फार मोठा फरक दाखवणारी निरीक्षणं काढून टाकावीत असं त्यांनी सुचवलं होतं. त्याच्याही अर्धशतक आधी बॉस्कोविच यांनी पृथ्वीचा आकार ठरवताना वर्ग न करता नुसत्या फरकांची बेरीज कमी करायचा मार्ग धरला होता. तो जास्त सोशिक होता, पण हातानं सोडवायला किचकट. किमान वर्गाची समीकरणं मात्र कागदावर सुटत, आणि १८०९ मध्ये गाउस यांनी त्यांना घंटाकृती वितरणाचा आधार दिला. चुका त्या वितरणातून येत असतील तर याहून चांगली रेषा नाही. त्या ‘तर’कडे पुढे दीडशे वर्षं बहुतेकांनी काणाडोळा केला.

पूर्ण दुर्लक्ष झालं असंही नाही. १८५२ मध्ये बेंजामिन पियर्स यांनी कोणती निरीक्षणं फेकायची याचा नियम मांडला. सायमन न्यूकम यांनी १८८६ मध्ये त्याहून शहाणं काहीतरी सुचवलं: सगळी निरीक्षणं एकाच दर्जाची नसतात, काही अचूक तर काही ढिसाळ, तेव्हा लांबच्यांना फेकण्याऐवजी कमी मोजावं. कल्पना बरोबर होती, पण ती पडून राहिली.

खरं वळण आलं १९६० मध्ये, प्रिन्स्टनच्या जॉन टूकी यांच्या एका निबंधानं. त्याला जुन्या वादाची पार्श्वभूमी होती. आकड्यांचा पसारा मोजायला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन सरासरी फरक पसंत करत, तर संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२० मध्ये गणितानं दाखवलं की प्रमाण विचलन सुमारे १२ टक्क्यांनी सरस आहे. टूकींनी विचारलं, माहितीत थोडी भेसळ असेल तर? तिप्पट पसाऱ्याची निरीक्षणं हजारात दोनच मिसळली तरी फिशर यांची आघाडी संपते, असं त्यांचं उत्तर होतं. हजारात दोन! गावोगावच्या हजार नोंदींत दोनच ढिसाळ असतील, ही अपेक्षा मला तरी फार उदार वाटते.

चार वर्षांनी, १९६४ मध्ये, स्विस गणिती पीटर ह्यूबर यांनी त्यावर तोडगा दिला, आणि १९७३ मध्ये तो रेषेच्या प्रश्नाला लावला. फरक लहान असेल तोवर त्याचा वर्ग घ्यायचा, ठरावीक मर्यादेपुढे नुसता फरक. त्यामुळे दूरची नोंद रेषेला ओढते, पण तिच्या ओढीला कमाल मर्यादा पडते. रीत अशी: आधी साधी रेषा काढा. सर्व फरकांचा, चिन्ह सोडून, मध्यक काढा आणि ०.६७४५ ने भागा, म्हणजे पसाऱ्याचं असं माप मिळतं ज्याला एखादी वेडी नोंद फुगवू शकत नाही. फरक या मापाच्या १.३४५ पटीच्या आत असेल तर नोंदीचा भार, म्हणजे रेषा काढताना तिला दिलेलं वजन, १, बाहेर असेल तर त्या प्रमाणात कमी. या भारांसह रेषा पुन्हा काढा, फरक पुन्हा मोजा, भार पुन्हा ठरवा, आकडे हलायचे थांबेपर्यंत. १.३४५ निवडला तो अशासाठी की माहिती खरोखर स्वच्छ असली तरी किमान वर्गाच्या तुलनेत कार्यक्षमता ९५ टक्के उरावी.

आपल्या उदाहरणात पहिल्याच फेरीत १९० टनांच्या नोंदीचा भार ०.४२ वर येतो आणि चढ उणे ०.२४ वरून ०.२९ वर चढतो. फेऱ्या संपतात तेव्हा भार ०.०२ उरतो आणि चढ ०.९३. नोंद कुणी हातानं पुसली नाही, तरी तिचा जोर गेला. १९७४ मध्ये बीटन आणि टूकी यांनी आणखी कडक भार सुचवला, ज्यात फार लांबच्या नोंदीला सरळ शून्य मिळतं.

एवढ्यावर थांबता येत नाही, कारण चूक दुसऱ्या रकान्यातही होते. टन बरोबर आहेत, पण शेवटच्या प्लॉटचे ७० गुंठे ७०० असे पडले, असं समजा. किमान वर्गाचा चढ घसरून ०.०६ होतो. आणि फरक तपासले तर चुकीच्या नोंदीचा फरक फक्त २.५ टन, सातांत सगळ्यात कमी! एकटीच लांब बसल्यानं तिनं रेषा स्वतःजवळ खेचून घेतली आहे. ह्यूबरची मर्यादा इथे निघते सुमारे ३० टन, सगळ्यात मोठा फरक २३, म्हणून सातही नोंदींना भार १ मिळतो आणि उत्तर तेच, ०.०६. भारांचा रकाना बघूनही काही कळत नाही. क्षेत्राच्या अक्षावर कोण एकटं पडलंय ते बघावं लागतं.

यावरचा एक साधा उपाय आधीपासून होता. थाइल यांनी १९५० मध्ये आणि प्रणब कुमार सेन यांनी १९६८ मध्ये मांडलेला: नोंदींच्या प्रत्येक जोडीचा चढ काढायचा आणि त्यांचा मध्यक घ्यायचा. आपल्या सात नोंदींच्या २१ जोड्या होतात. ७०० ची चूक त्यांतल्या सहा बिघडवते, पण मध्यक तरीही ०.९३. सुमारे २९ टक्के नोंदी बिघडेपर्यंत ही रीत तग धरते. पीटर रूसो यांनी १९८४ मध्ये फरकांच्या वर्गांचा मध्यक कमीत कमी करून ही सहनशक्ती जवळपास निम्म्यापर्यंत नेली, पण स्वच्छ माहितीवर ती पद्धत फार डळमळते. १९८७ मध्ये योहाय यांनी दोन्ही जोडलं: आधी अशी सोशिक सुरुवात, मग टूकींचे भार. आर या प्रणालीत x म्हणजे क्षेत्र आणि y म्हणजे टन धरून ह्यूबर आणि योहाय यांचे भार असे मिळतात:

```r
library(MASS)
rlm(y ~ x)$w
rlm(y ~ x, method = "MM")$w
```

दुसरी ओळ ह्यूबरचे भार देते, तिसरी योहाय यांचे.

भार शून्याजवळ आला म्हणजे नोंद खोटी, असं मात्र नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होता. त्या प्लॉटांचे कमी टन काट्यावर खरेच पडलेले असणार. सर्वसाधारण उतारा हवा असेल तर त्यांना हलकं करणं योग्य. जिल्ह्यातून त्या हंगामात एकूण किती ऊस येईल हे विचारलं असेल तर तेच प्लॉट हलके करून अंदाज फुगतो. अशा वेळी पूरग्रस्त आणि इतर अशा दोन वेगळ्या रेषा काढणं बरं.