सीझरला बातमी कळली तेव्हा हेल्वेटी काय करत होते?

इ.स.पू. 58 च्या वसंतात ज्यूलियस सीझर रोमजवळ असताना त्याला एक बातमी कळते. आजच्या स्वित्झर्लंडच्या भागात राहणारे हेल्वेटी लोक घरदार सोडून निघाले आहेत आणि रोमच्या प्रांतातून वाट काढू पाहत आहेत. सीझर ताबडतोब निघतो, मजल दरमजल करत जिनिव्हा गाठतो आणि तिथला ऱ्होन नदीवरचा पूल तोडायला लावतो. गॉलमधल्या युद्धाच्या त्याच्या वृत्तांतात, पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणात, हे सगळं दोन-तीन वाक्यांत येतं. बातमीचा गाभा तर दोनच शब्दांत आहे: ‘एओस’ आणि ‘कोनारी’. एओस म्हणजे ‘त्यांना’, कोनारी म्हणजे ‘प्रयत्न करणं’.

लॅटिन शिकायला लागल्यावर मी हे वाक्य वहीत असं उतरवलं होतं: ‘ते प्रयत्न करत होते, अशी बातमी सीझरला कळली.’ शब्द सगळे बरोबर होते, पण वाक्य चुकलं होतं. ‘करत होते’ म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात येतं की तो प्रयत्न बातमीच्या आधीचा, कदाचित आटोपलेलाही. तसं असेल तर सीझरला एवढी घाई करायचं कारणच उरत नाही. बातमी होती ती ‘करताहेत’ अशी. ‘होते’ माझ्या वहीत आलं ते इंग्रजी पाठ्यपुस्तकातून. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की आतलं क्रियापदही बहुधा मागे ओढलं जातं. लॅटिन तसं करत नाही, आणि मराठीही करत नाही. म्हणून ही रचना इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट मराठीतून समजून घेणं सोपं जातं.

आधी रचना पाहू. ‘हेल्वेटी प्रयत्न करताहेत’ हे साधं विधान. ते दुसऱ्या कोणी सांगितलं, ऐकलं, समजलं किंवा आठवलं, तर मराठी त्याच्या आधी ‘की’ ठेवते किंवा मागे ‘असं’, ‘अशी’ जोडते आणि विधान जसंच्या तसं राहू देते. अभिजात लॅटिन गद्यात अशा विधानासाठी ‘की’ वापरत नाहीत. तिथे विधानाचाच आकार बदलतो. त्याचा कर्ता प्रथमा सोडून द्वितीयेत जातो. शाळेत संस्कृतात ‘रामः’चं ‘रामम्’ झालेलं आपण पाहिलंय, तसंच. क्रियापद आपले पुरुष-वचनाचे प्रत्यय टाकून ‘करणं’, ‘येणं’ अशा इन्फिनिटिव्ह रूपात येतं. म्हणजे शब्दशः वाचलं तर ‘त्यांना प्रयत्न करणं कळवलं गेलं’. ऐकायला विचित्र वाटतं, पण ‘मी त्याला येताना पाहिलं’ हे आपण रोज म्हणतो. येणारा तोच असतो, तरी तो द्वितीयेत बसतो.

आता प्रश्न काळाचा. प्रत्यय गळाल्यामुळे या इन्फिनिटिव्हला स्वतःचा काळ सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच की मुख्य क्रियापदाच्या क्षणाशी त्याचं नातं काय. त्याचवेळचं, आधीचं की नंतरचं? ‘कोनारी’ हे वर्तमान रूप, म्हणजे बातमी सांगितली जात असतानाच प्रयत्न चालू आहे. त्याजागी ‘कोनातोस एस्से’ असतं तर प्रयत्न आधीच करून झालेला. ‘कोनातूरोस एस्से’ असतं तर ते प्रयत्न करणार आहेत, अजून केलेला नाही. मराठीत याला अगदी जवळची तीन रूपं आहेत: करत असणं, केलेलं असणं, करणार असणं. ही तीन रूपं नुसती ऐकून घटना गेल्या वर्षीची की आजची हे कोणी सांगू शकणार नाही, पण कोणत्या तरी क्षणाच्या मानाने ती कुठे आहे हे मात्र लगेच कळतं.

याची परीक्षा करून पाहता येते. बाहेरचं क्रियापद बदलायचं आणि आतलं हलतं का ते पाहायचं. ‘करताहेत अशी बातमी येते’, ‘करताहेत अशी बातमी आली’, ‘करताहेत अशी बातमी येईल’. मराठीत ‘करताहेत’ जागचं हललं नाही. लॅटिनमध्येही बाहेर काहीही ठेवा, ‘कोनारी’ तेच राहतं. सीझरच्या वाक्यात तर बाहेरचं क्रियापद ‘कळवलं गेलं होतं’ इतकं मागचं आहे, तरी आत वर्तमान रूपच आहे. म्हणून वाचताना हात आधी मुख्य क्रियापदावर ठेवायचा, त्या क्षणी जाऊन उभं राहायचं आणि तिथून इन्फिनिटिव्हकडे बघायचं. आपण आज इथून बघितलं की चूक होते.

त्याच प्रकरणात थोडं पुढे उलटं उदाहरण सापडतं. हेल्वेटींचे दूत येऊन प्रांतातून जाऊ देण्याची विनंती करतात. सीझरच्या मनात काय असतं? त्याच्या स्मरणात होतं की रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, ल्यूसियस कॅसियस ‘ओक्कीसुम’, म्हणजे मारला गेला. त्याचं सैन्य हेल्वेटींकडून ‘पुल्सुम’, पिटाळलं गेलं. आणि ते जोखडाखालून ‘मिस्सुम’, धाडलं गेलं. (दोन भाले उभे रोवून त्यांवर तिसरा आडवा बांधायचा आणि हरलेल्यांना निःशस्त्र करून खालून वाकत जायला लावायचं, अशी ती मानखंडना असे.) ‘स्मरणात होतं’ हे भूतकाळात आहे आणि आतली तीनही रूपं त्याच्या आधीची आहेत. कॅसियस पडला तो इ.स.पू. 107 मध्ये, म्हणजे या स्मरणाच्या 49 वर्षं आधी. पण हा आकडा व्याकरणातून येत नाही. रूप फक्त ‘आधी’ एवढंच म्हणतं. काल घडलं असतं तरी रूप हेच राहिलं असतं.

नवशिक्याला इथे अडचण येते ती वेगळीच. या रूपांबरोबर असायला हवा तो ‘एस्से’, म्हणजे ‘असणं’, इथे गाळलेला आहे. लॅटिन लेखक तो सर्रास गाळतात. मग ‘ओक्कीसुम’ नुसतं ‘मारला गेलेला’ असं विशेषण वाटतं आणि वाक्यात इन्फिनिटिव्ह कुठे आहे हेच सापडत नाही. खूण अशी: बाहेर सांगण्याचं, समजण्याचं किंवा आठवण्याचं क्रियापद आहे, द्वितीयेतला कर्ता आहे, त्याच्याशी लिंग-वचनाने जुळणारं असं रूप आहे आणि दुसरं क्रियापद काही दिसत नाही, तर तिथे ‘एस्से’ मनाने भरायचा.

तिन्ही नाती एकाच माणसाच्या तोंडून ऐकायची असतील तर तेरावं आणि चौदावं प्रकरण वाचावं. सीझरने सोन नदीवर एका दिवसात पूल बांधून सैन्य पार नेलं. हेल्वेटींना ती नदी ओलांडायला वीस दिवस लागले होते. ते हबकले आणि त्यांनी शिष्टमंडळ पाठवलं. प्रमुख होता डिव्हिको, कॅसियसविरुद्धच्या युद्धात हेल्वेटींचा सेनापती असलेला. तो जे बोलला ते सीझर सलग दुसऱ्याचं बोलणं म्हणून देतो. बाहेरची क्रियापदं भूतकाळात: ‘बोलला’, ‘उत्तर दिलं’.

पहिलं विधान: रोमन लोकांनी शांतता केली तर सीझर ठरवेल तिथे हेल्वेटी ‘इतूरोस’ आणि तिथेच ‘फुतूरोस’. म्हणजे जाणार आणि राहणार. इथेही ‘एस्से’ गाळलाय. हे रूप म्हणजे आपलं ‘जाणारा, जाणारी, जाणारे’च, कर्त्याप्रमाणे बदलतं. हेल्वेटी पुल्लिंगी अनेकवचनी आणि द्वितीयेत, म्हणून शेवटी ‘-ओस’. एकटी बाई जाणार असती तर ‘इतूराम’ झालं असतं.

दुसरं विधान: पूर्वजांकडून ‘से दिदिकिस्से’, कपटापेक्षा शौर्याने लढायचं. ‘दिदिकिस्से’ म्हणजे शिकलेलं असणं, बोलण्याच्या आधीचं. आणि ‘से’ म्हणजे नेमकं आपलं ‘आपण’. ‘तो म्हणाला की आपण हे पूर्वजांकडून शिकलो आहोत’ यात ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि त्याची माणसं, ऐकणारा नाही. जुन्या मराठी गद्यात हा ‘आपण’ जागोजागी भेटतो, म्हणून ‘से’ समजायला मराठी वाचकाला वेळ लागत नाही.

तिसरं, सीझरने ओलीस मागितल्यावर निघताना दिलेलं उत्तर: हेल्वेटींना ओलीस घ्यायची सवय आहे, द्यायची नाही, याला रोमन लोक ‘एस्से तेस्तेम’, साक्षी आहेत. वर्तमान रूप. ‘साक्षी होते’ असं भाषांतर केलं तर डिव्हिकोच्या तोंडची धार बोथट होते. तो सीझरसमोर उभा राहून ‘तुम्हीच साक्षी आहात’ म्हणतोय.

या रचनेत काही हरवतंही. ‘दिदिकिस्से’वरून मूळ बोलणं ‘शिकलो’ होतं, ‘शिकत होतो’ होतं की ‘शिकलो होतो’, हे कळायला मार्ग नाही. साध्या विधानात लॅटिनकडे या तिघांसाठी तीन वेगळी रूपं आहेत. इन्फिनिटिव्हमध्ये तिन्ही एका ‘आधी’त विरघळतात. शिवाय हा नियम इन्फिनिटिव्हपुरताच. ‘शांतता केली तर’, ‘सीझर ठरवेल तिथे’ अशी जी पोटवाक्यं डिव्हिकोच्या बोलण्यात आहेत, त्यांची क्रियापदं मात्र बाहेरच्या भूतकाळाचा रंग घेतात. तिथे मराठीची सवय उपयोगी पडत नाही, तिथलं व्याकरण वेगळंच शिकावं लागतं.

आणखी एक ठिकाण असं आहे जिथे द्वितीया आणि इन्फिनिटिव्ह दोन्ही दिसतात, पण काळ असा वाचायचा नसतो. अठ्ठाविसाव्या प्रकरणात हेल्वेटी हरलेले आहेत. सीझर त्यांना, जिथून निघाले त्या मुलखात ‘रेवेर्ती’, परत जाणं, असा हुकूम देतो. ‘रेवेर्ती’ वर्तमान रूप आहे, पण हुकूम सुटला त्या क्षणी कोणी परत जात नव्हतं. इथे कोणाचं विधान सांगितलेलं नाही, आज्ञा सांगितली आहे; ‘परत जायला सांगितलं’ एवढाच अर्थ. त्यामुळे आधी, त्याचवेळी की नंतर, हा प्रश्न इथे विचारायचाच नाही. सोनच्या काठावर डिव्हिको ‘सीझर ठरवेल तिथे इतूरोस’ म्हणाला होता. तेव्हा बोलणी फिसकटली. शेवटी हेल्वेटी सीझरने ठरवलं तिथेच गेले, पण ‘रेवेर्ती’ या शब्दाने.