प्रश्नाच्या फोटोतले मराठी अंक: आम्ही ते कसे वाचतो आणि फोटो कसा पाठवावा

(रत्नागिरीतील आमच्या गणित शंका केंद्राच्या पालक व विद्यार्थी ग्राहकांसाठी)

दापोलीपासून देवगडपर्यंतची मुले आमच्याकडे गणिताच्या प्रश्नाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि आम्ही तो पायऱ्यांसकट सोडवून परत पाठवतो. छापील पुस्तकातल्या प्रश्नांची सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती गुरुजींनी हाताने लिहून झेरॉक्स काढलेल्या सरावपत्रिकांची, विशेषतः शिष्यवृत्तीच्या सरावाची. झेरॉक्सची झेरॉक्स झालेली असते, त्यावर मोबाइलचा फोटो, आणि त्यात मराठी अंक. १ आहे की ९, ४ आहे की ५, हे ठरवल्याशिवाय आम्ही पेन उचलत नाही, कारण एक अंक चुकला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर असूनही उत्तर चुकतेच.

फसवणाऱ्या जोड्या

सगळ्यात जास्त घोळ १ आणि ९ चा. १ मध्ये वर एक गोल आणि खाली सोडलेली शेपटी, एवढेच असते. ९ मध्ये पेन शेपटी सोडण्याआधी आणखी एक वळण घेते, म्हणून त्याच्या डाव्या कडेला एक खाच दिसते. ही खाच म्हणजेच ९. झेरॉक्सच्या शाईने ती बुजली की ९ चा १ होतो. उलटही घडते: रेघांच्या वहीतली आडवी रेघ १ च्या गोलाखालून गेली, किंवा वरच्या ओळीतल्या शब्दाचा उकार खाली लोंबून त्याला टेकला, की नसलेली खाच दिसू लागते. म्हणून संशयित अंकाची आम्ही आधी डावी कड पाहतो, आणि तिथे दिसणारी रेघ शेजारच्या अक्षरांमधूनही तशीच पुढे जाते का ते पाहतो. जात असेल तर ती वहीची रेघ, अंकाचा भाग नव्हे.

दुसरी जोडी ४ आणि ५. ४ चे दोन्ही हात वरून येतात, एकमेकांना ओलांडतात आणि खाली गाठ पडते. ५ मध्ये उजवीकडे उभा दांडा आणि डावीकडून त्याला येऊन मिळणारी वाटी असते. घाईत लिहिलेल्या ४ ची गाठ मिटून गेली की तो ५ सारखा दिसतो.

३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. एरवी त्यांची गल्लत होत नाही, पण पातळ कागदाच्या मागच्या बाजूचे लिखाण पुढे उमटते तेव्हा मागचा ३ पुढून उलटा, म्हणजे ६ सारखा दिसतो. पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट होतात तेव्हा हे फारच वाढते. उपाय सोपा आहे: फोटो काढताना पानाखाली काळा कागद किंवा काळ्या पुठ्ठ्याची वही ठेवा. मागचे लिखाण दिसेनासे होते.

इंग्रजी अंक शेजारी असतील तर

पुष्कळ पत्रिकांमध्ये मजकुरात मराठी अंक आणि आकृतीवर इंग्रजी अंक असतात. इथे खरा धोका असा की मराठी १ इंग्रजी 9 सारखा, मराठी ४ वरून उघड्या राहिलेल्या इंग्रजी 8 सारखा, मराठी ५ इंग्रजी 4 सारखा आणि मराठी ७ इंग्रजी 6 सारखा भासतो. इंग्रजी माध्यमातली मुले धाकट्या भावंडाच्या पत्रिकेतले १४ सेंमी हे अठ्ठ्याण्णव सेंमी म्हणून उतरवून पाठवतात ते यामुळेच. ०, २ आणि ३ दोन्ही लिप्यांत जवळपास सारखे दिसतात आणि किंमतही तीच असते, त्यामुळे त्यांच्याकडून नुकसान नाही, पण लिपी कोणती याचा सुगावाही ते देत नाहीत.

सुगावा देतात ते ६, ८ आणि ९. यांच्या आकाराचा इंग्रजी अंक नाही. संख्येत यांपैकी एक जरी स्पष्ट दिसला तरी ती अख्खी संख्या मराठी अंकांत आहे असे धरावे, कारण एकाच संख्येत दोन लिप्या सहसा कोणी मिसळत नाही. मात्र हा निर्णय संख्येपुरता घ्यावा, अख्ख्या पानाला लावू नये. मजकुरातली लांबी आणि आकृतीवरची लांबी एकाच बाजूची असेल तर दोन्ही जुळायला हव्यात. ही पडताळणी फुकट मिळते, म्हणून आकृती कापून टाकू नका.

एक प्रश्न, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मागच्या हंगामात आलेला एक नमुना दाखवतो. पालकांनी फक्त प्रश्नाची चौकट कापून पाठवली होती. प्रश्न असा: «एका पेटीत _ डझन हापूस आंबे मावतात, तर अशा १_ पेट्यांत एकूण किती आंबे मावतील?» पर्याय स्पष्ट होते: अ) ८६४, ब) ९१२, क) ९६०, ड) ११४०. आम्ही रेघ ओढली आहे तिथे अंक होते, पण अस्पष्ट. डझनाचा अंक ४ किंवा ५ वाटत होता, आणि पेट्यांच्या संख्येतला दुसरा अंक १ किंवा ९.

अशा वेळी आम्ही सगळी शक्य वाचने मांडून प्रत्येकाचे उत्तर काढतो. ४ डझन म्हणजे ४८ आंबे आणि ५ डझन म्हणजे ६०.

४ डझन, ११ पेट्या: ४८ × ११ = ५२८
५ डझन, ११ पेट्या: ६० × ११ = ६६०
४ डझन, १९ पेट्या: ४८ × १९ = ९१२
५ डझन, १९ पेट्या: ६० × १९ = ११४०

५२८ आणि ६६० पर्यायांत नाहीतच. म्हणजे पेट्या ११ नव्हेत, १९. इथवर पर्यायांनी काम केले. पण उरलेली दोन्ही उत्तरे, ९१२ आणि ११४०, पर्यायांत हजर आहेत. पत्रिका काढणारे अनुभवी शिक्षक मूल जिथे घसरते नेमकी तीच उत्तरे पर्यायांत ठेवतात, त्यामुळे «उत्तर पर्यायांत आले, म्हणजे वाचन बरोबर» असे मानणे धोक्याचे आहे. पर्यायांनी एखादे वाचन बाद करता येते, पण पक्के करायला दुसरा पुरावा लागतो.

तो पुरावा त्याच पानावर होता. आम्ही पालकांकडून अख्ख्या पानाचा फोटो मागवला. हा प्रश्न चौदावा होता. समासात वरपासून खालपर्यंत १) ते २०) असे प्रश्नक्रमांक त्याच हाताने लिहिलेले, आणि क्रमांकांची किंमत क्रमावरूनच ठरते. तेराच्या खाली आलेला १४) हा चौदाच, आणि त्याखालचा १५) हा पंधराच. म्हणजे त्या हाताचा खात्रीचा ४ आणि खात्रीचा ५ एकाखाली एक मिळाले, आणि ९) व १९) मधून खात्रीचा ९ सुद्धा. १५) मधल्या ५ चा दांडा खाली बारीक होत संपत होता. १४) मधल्या ४ ची गाठ शाईने भरून एक जाड ठिपका झाला होता. संशयित अंक खाली तशाच जाड ठिपक्यात संपत होता, आणि पर्याय ड मधल्या ११४० चा ४ ही तसाच. तेव्हा पेटीत ४ डझन, पेट्या १९, आणि उत्तर ब) ९१२.

या एका कारणासाठी आमची सगळ्यात आग्रहाची विनंती आहे: प्रश्न कापून पाठवू नका, अख्खे पान पाठवा. कोणता प्रश्न हवा ते खाली लिहा. समासातले क्रमांक, वरची तारीख, शेजारचे सोपे प्रश्न हे सगळे आमच्यासाठी त्या हस्ताक्षराची किल्ली असते. अख्ख्या पानात अक्षर फार बारीक दिसत असेल तर त्याच प्रश्नाचा जवळून काढलेला दुसरा फोटो जोडा. फक्त जवळचा एकटा नको.

फोटोबद्दल थोडेसे

व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करते आणि १-९ मधली खाच बहुधा तिथेच हरवते. म्हणून तोच फोटो «डॉक्युमेंट» म्हणून पाठवा, मूळ आकारात पोहोचतो. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट नको. मोबाइल पानाच्या बरोबर वर धरा, तिरका धरला की उभे दांडे कलतात. आपली सावली पानावर पडू देऊ नका, पडवीत दिवसा काढलेला फोटो घरातल्या दिव्याखालच्यापेक्षा नेहमी सरस येतो. पुसट अंक पेनने गिरवू मात्र नका. गिरवल्यावर मूळ खुणा कायमच्या जातात आणि आम्हाला दिसतो तो तुमचा अंदाज.

भूमितीच्या प्रश्नात अंशाची खूण आणि शून्य यांचाही घोळ होतो. ४५° आणि ४५० हाताने लिहिताना जुळे दिसतात. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° हवी, त्यावरून ते लगेच सुटते.

हिंदी गाइडमधले प्रश्न पाठवत असाल तर गाइड हिंदी आहे एवढे कळवा. उत्तरेकडच्या छपाईत ५, ८ आणि ९ यांची वळणे आपल्या सवयीपेक्षा कधी कधी वेगळी असतात आणि आम्ही मग त्या बेताने वाचतो.

आमच्याकडून काय येईल

उत्तराआधी तुम्हाला «आम्ही प्रश्न असा वाचला» म्हणून एक ओळ येते. तिच्यात संख्या अंकांत आणि अक्षरांतही असतात: ४ (चार) डझन, १९ (एकोणीस) पेट्या. अक्षरी लिहिल्याने एकोणीस, अकरा आणि एक्याण्णव यांत गोंधळ उरत नाही. ती ओळ मूळ कागदाशी, फोटोशी नव्हे, ताडून पाहा आणि «बरोबर» असे कळवा. मूल शाळेतून पत्रिका घेऊन घरी येईपर्यंत थांबायला आमची हरकत नाही.

फोनवर सांगायचे झाल्यास संख्या सुट्ट्या अंकांत सांगा: «एक, नऊ». एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात.

एवढे करूनही अंक ठरला नाही, पानावर दुसरा तसा अंक नसेल आणि पर्यायही दिलेले नसतील, तर आम्ही अंदाजाने एक उत्तर देत नाही. दोन्ही वाचनांची उत्तरे वेगवेगळी सोडवून पाठवतो, प्रत्येकावर कोणते वाचन धरले ते लिहितो, आणि मुलाने शाळेत गुरुजींना किंवा बाईंना नेमका कोणता अंक विचारायचा ते त्याखाली नोंदवतो. अशा प्रश्नाची फी एकाच प्रश्नाची घेतली जाते.