पाइलचे हादरे, भिंतीच्या भेगा आणि कपाशीवरची धूळ

नाल्यावर पुलाचं काम सुरू झालं की महिनाभरात ग्रामपंचायतीत अर्ज येतो. मांडणीवरची भांडी वाजतात, भिंतीला भेगा गेल्या, वेचणीला आलेल्या कापसावर धूळ बसते. त्यावर ठेकेदाराकडून बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर मिळतं: 'सर्व मोजमापे विहित मर्यादेत आहेत.' ही ओळ खरी असली तरी तिने कुणाचंही समाधान होत नाही, कारण कोणती मर्यादा, कुठे मोजलं आणि कशाशी ताडलं हे तिच्यात नसतं. नीट उत्तर कसं असतं ते एका नमुन्याच्या गावावरून पाहू. खालची मोजमापं समजावण्यासाठी घेतली आहेत. मर्यादा मात्र खऱ्या आहेत.

गावात वर चार मीटर काळी माती, खाली तीन मीटर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. सर्वांत जवळचं घर पाइलपासून, म्हणजे पुलाच्या पायासाठी जमिनीत खोल उतरवलेल्या खांबापासून, ३० मीटरवर आहे. दगड-मातीच्या भिंती, वर कवेलू. पाइलचा खड्डा विंचला टांगलेल्या दीड टनाच्या चिझलने, म्हणजे जड लोखंडी छिन्नीने, पाडतात. चिझल एक मीटर उचलायचं आणि सोडायचं.

हादरा मोजताना जमीन किती सरकली यापेक्षा किती वेगाने हलली हे पाहतात. या वेगाचा शिखर-आकडा मिलिमीटर प्रति सेकंदात देतात. त्याचं यंत्र, म्हणजे जिओफोन, घराच्या पायाला किंवा जोत्याच्या पक्क्या दगडाला घट्ट बसवावं लागतं. अंगणातल्या भुसभुशीत मातीवर नुसतं ठेवलं तर ते स्वतःच डुलतं आणि आकडा खोटा येतो. असा आकडा कधी जास्त निघतो, कधी कमी, म्हणून तो कुणाच्याच कामाचा नसतो.

आपल्या गावात ३० मीटरवर २.६, ६० मीटरवर १.१ आणि १२० मीटरवर ०.४ असे आकडे मिळाले. माणसाला घरात बसल्या बसल्या ०.३ च्या आसपासचा हादरा जाणवू लागतो आणि १ ओलांडला की तक्रारी येतात. इमारतीला धोका मात्र त्याहून बराच वर सुरू होतो. जर्मन मानक डीआयएन ४१५० मध्ये कमी कंपनसंख्येला साध्या राहत्या घरासाठी ५ आणि नाजूक बांधकामासाठी ३ ही मर्यादा आहे. भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये घरांसाठी ५ ते १५ अशी मर्यादा दिली, पण ती खाणीतल्या सुरुंगांसाठी. सुरुंग दिवसातून एखाद-दोनदा उडतो, चिझल शेकडो वेळा आपटतं. म्हणून मातीच्या भिंतींसाठी ३ धरणंच योग्य. याचा अर्थ ३० मीटरवरच्या घरातली माणसं भांडी वाजल्याचं खोटं सांगत नाहीत, आणि २.६ हा आकडा मर्यादेच्या आत आहे हेही खोटं नाही. उत्तरात या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहायला हव्यात.

हादरे सारखे का नसतात, याचंही उत्तर द्यावं लागतं. चिझल काळ्या मातीत असतं तेव्हा माती दबते आणि आघात तिथेच जिरतो. मुरूम संपून पाषाण लागला की तोच आघात दूरवर जातो. म्हणून जिओफोनच्या नोंदी खोदाईच्या नोंदवहीशी वेळेनुसार जुळवतात. हादरा पाषाणातल्या शेवटच्या दीड मीटरलाच वाढत असेल तर कारण सापडलं. काम बंद असताना वाढत असेल तर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आदळत जाणाऱ्या टिपरकडे पाहावं.

उपाय ठरवायला पाइल ठोकण्याचं एक सोपं सूत्र ढोबळ अंदाजापुरतं वापरता येतं: आघाताच्या ऊर्जेचं (ज्यूलमधल्या) वर्गमूळ भागिले मीटरमधलं अंतर, गुणिले जमिनीचा गुणक. हा गुणक खडकाला १, घट्ट चिकणमातीला ०.७५. दीड टन, एक मीटर उंची म्हणजे सुमारे १४,७०० ज्यूल, त्याचं वर्गमूळ १२१. ३० मीटरवर अंदाज येतो ४, आणि अंदाजापेक्षा मोजणी कमी आली हे ठीक आहे. चिझलची उंची निम्मी केली तर वर्गमूळामुळे हादरा निम्मा होत नाही, फक्त तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे २.६ चा १.८ होतो, शिवाय आघात वाढतात आणि काम लांबतं. इथे नुसतं 'उंची कमी केली' लिहून भागत नाही. घराजवळच्या दोन पाइलना पाषाणाच्या थरात रोटरी रिगने, म्हणजे न आपटता फिरवून कापणाऱ्या यंत्राने, कोअर कापावा आणि बाकीच्यांना अर्ध्या उंचीचं चिझल वापरावं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात. रोटरी रिग मात्र महाग पडते.

भेगांचा मुद्दा सर्वांत अवघड. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. उथळ पायाच्या घरांना त्यामुळे पाइलिंग नसतानाही भेगा जातात. पण म्हणून प्रत्येक भेग मातीच्या माथी मारता येत नाही. नुसत्या आकारावरून भेग हादऱ्याची की मातीची हे खात्रीने सांगता येत नाही. काम सुरू होण्याआधी घरोघरी फोटो, भेगेची लांबी-रुंदी आणि तारीख नोंदवायला हवी होती. ती नोंद झालेली नसेल तर उत्तरात तसं स्पष्ट लिहावं, लपवू नये. आता भेगेच्या दोन्ही बाजूंना मोजपट्टी चिकटवून रोज एकाच वेळी वाचन घ्यावं, कारण उन्हानेही भिंत थोडी हलते. सोबत दोन-तीन किलोमीटरवरच्या, तशाच मातीतल्या घराची भेगही मोजावी. दोन्ही सारख्या रुंदावत असतील तर संशय मातीवर. जवळचीच रुंदावत असेल आणि तीही चिझलच्या दिवसांत, तर दुरुस्तीची जबाबदारी कामावर.

धुळीबाबत आणखी एक फसगत होते. पीएम १० म्हणजे हवेत तरंगणारी, दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची बारीक धूळ. तिची राष्ट्रीय मर्यादा २४ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. दिवसाचे दहा तास १६० आणि उरलेले चौदा तास ४४ असतील तर सरासरी येते ९२, म्हणजे 'मर्यादेत'. तासाची मर्यादा मानकात नाही, पण त्या दहा तासांत रस्त्याकडेला राहणाऱ्याचा श्वास सरासरीवर चालत नाही. म्हणून तासवार तक्ता द्यावा. शिवाय कापसाला काळपट करणारी धूळ मुख्यतः जाड कणांची असते. पीएम १० चं यंत्र तिला बाहेरच ठेवतं, म्हणून तो आकडा वावरातल्या तक्रारीला लागू पडत नाही. तिथे धुऱ्यापासून दहा, पन्नास आणि शंभर मीटरवर पसरट भांडी ठेवून आठवड्यात साचलेली धूळ वजनाने मोजावी.

गंमत म्हणजे ही धूळ पाइलच्या खड्ड्यातून फारशी येत नाही, तिथे सगळं चिखलच असतं. ती येते टिपरच्या रस्त्यावरून, खड्ड्याची बाजू ढासळू नये म्हणून पाण्यात कालवायच्या बेंटोनाइट या मातीच्या भुकटीची पोती उघडताना आणि रस्त्यावर सांडून वाळलेल्या राडारोड्यातून. हा राडारोडा चाकाखाली पिठासारखा होतो. ६०० मीटर लांब, चार मीटर रुंद रस्त्याला चौरस मीटरला एक लिटर धरलं तर एका फेरीला २,४०० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात ते लवकर उडतं, म्हणून सकाळी एकदा शिंपडून भागत नाही, टिपर चालू असेपर्यंत फेऱ्या लागतात. टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवली नाही तर 'पाणी मारलं' हे कुणालाच पटत नाही. पाणी जास्त झालं तर काळ्या मातीचा रस्ता निसरडा होतो, म्हणून आधी मुरूम पसरून दाबून घ्यावा. टिपरचा वेग ताशी १५ किलोमीटर, बेंटोनाइट ताडपत्रीच्या आडोशाला मिसळायचं, राडारोडा ओला असतानाच उचलायचा. वेचणी चालू असलेल्या वावराजवळून टिपर दुपारपर्यंत न नेता दुसरीकडून वळवायचे, कारण बाया सकाळीच वेचणीला जातात.

उत्तराच्या शेवटी आकडे कुठे पाहायला मिळतील तेही असावं: जिओफोनचा आणि धुळीचा आठवड्याचा तक्ता दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर. हादऱ्याचा आकडा ३ ओलांडला तर चिझल त्याच वेळी थांबेल आणि कारण लिहून दिल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. भेगेच्या पट्टीचं वाचन घरमालकासमोर घेतलं जाईल, आणि वहीत सही दोघांची असेल.