अश्वगंधेवरचा अभ्यास घेऊन दुकानात येणाऱ्यांसाठी

मोबाईलवर एखादा कागद दाखवून ‘यातली 600 मिलीग्रॅमची अश्वगंधा द्या’ असं म्हणणारे ग्राहक आता रोज येतात. आम्ही त्यांच्यापुढे दोन डब्या ठेवतो, एक चूर्णाची आणि एक अर्काच्या कॅप्सूलची. बहुतेक जण चूर्ण उचलतात, कारण ते स्वस्त पडतं. महिन्याभराने तेच पाकीट अर्धं वापरून परत येतं आणि ‘काही फरक नाही, बदलून द्या’ अशी मागणी होते. काउंटरवर मागे रांग असताना एकेकाला सगळं समजावणं जमत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

ज्या अभ्यासाचे आकडे बहुतेक जाहिरातींत फिरतात तो 2012 सालचा, आपल्याच देशातला आहे. कायम ताणाखाली असलेल्या 64 प्रौढांचे दोन गट केले होते. एका गटाला 300 मिलीग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, अशी 60 दिवस दिली. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. ताण मोजायच्या प्रश्नावलीतले गुण पहिल्या गटात 44 टक्क्यांनी उतरले.

आता गोची इथे आहे. त्या कॅप्सूलमध्ये चूर्ण नव्हतं. मुळांचा दाट अर्क होता आणि त्यात विथॅनोलाइड हे घटक किमान 5 टक्के ठेवलेले होते. प्रमाणित अर्क म्हणजे एवढंच, की कुठला घटक किती टक्के आहे हे ठरवून प्रत्येक लॉटमध्ये तो तपासलेला असतो. सुकलेल्या मुळात हेच विथॅनोलाइड जेमतेम असतात. जमीन, जात आणि काढणीप्रमाणे आकडा बदलतो, पण हिशोबासाठी 0.3 टक्के धरा.

600 मिलीग्रॅम अर्काचे 5 टक्के म्हणजे 30 मिलीग्रॅम विथॅनोलाइड. 600 मिलीग्रॅम चूर्णाचे 0.3 टक्के म्हणजे दोन मिलीग्रॅमही नाहीत. चिमूटभर चूर्ण दुधात टाकून जो माणूस अभ्यासातल्या निकालाची वाट बघतो, तो त्या अभ्यासातल्या डोसच्या सोळाव्या हिश्शापेक्षाही कमी घेत असतो.

उलटी चूक क्वचित होते, पण ती जास्त घातक. चहाचा एक चमचा साधारण तीन ग्रॅमचा. तेवढं चूर्ण नेहमीच्या मापातलं आहे, वैद्य चूर्ण तीन ते सहा ग्रॅमच सांगतात. पण कुणी सुटा अर्क आणून तोच चमचा भरला, तर 150 मिलीग्रॅम विथॅनोलाइड एका वेळी पोटात गेलं, म्हणजे अभ्यासात दिवसभरात दिलेल्याच्या पाचपट. म्हणून आम्ही अर्क सुटा विकत नाही. कितीही ओळखीचे असलात तरी आग्रह करू नका.

‘मग चूर्ण विकताच कशाला?’ असं एका काकांनी विचारलं होतं. चूर्णात विथॅनोलाइडशिवाय बाकीचंही सगळं मूळ असतं आणि ते दूध-तुपासोबत घ्यायची पद्धत जुनी आहे. ज्यांना वैद्यांनी चूर्णच लिहून दिलंय त्यांनी चूर्णच घ्यावं. फक्त अर्कावरच्या अभ्यासाने चूर्णाबद्दल काही सिद्धही होत नाही आणि खोटंही पडत नाही, एवढं डोक्यात ठेवा.

मिलीग्रॅमचा मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, हाही गैरसमज काढून टाका. 2019 साली 60 जणांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात रोज फक्त 240 मिलीग्रॅम अर्क दिला होता. पण तो 35 टक्क्यांचा होता, म्हणजे 84 मिलीग्रॅम विथॅनोलाइड ग्लायकोसाइड. वजन निम्म्याहून कमी, घटक मात्र जवळपास तिप्पट. तरी हे दोन आकडे डोळे झाकून तराजूत घालू नका, कारण दोन्हीकडे मोजलेले घटक आणि मोजायची रीत सारखी असेलच असं नाही. ज्या अभ्यासाचा निकाल हवा, त्याच टक्क्यांचा अर्क त्याच मापात घ्या. आणि डबीवर नुसतं ‘10:1’ छापलेलं असेल तर फसू नका. दहा किलो मुळापासून एक किलो अर्क काढला एवढंच त्यातून कळतं. त्या एका किलोत विथॅनोलाइड किती उतरले ते त्यावरून कळत नाही.

आता त्या 44 टक्क्यांकडे वळू. जाहिरातीत दुसऱ्या गटाचा आकडा कधीच नसतो. बिनऔषधी कॅप्सूलवाल्यांचे गुणही 5.5 टक्क्यांनी उतरले होते, आणि औषधाचा वाटा त्याच्या वरचा. इथे फरक मोठाच आहे. आम्हाला तर तो जरा जास्तच मोठा वाटतो, कारण ताणासारख्या तक्रारीत नुसत्या बिनऔषधी कॅप्सूलनेसुद्धा लोकांना यापेक्षा बरंच जास्त बरं वाटतं. त्यात एकेका गटात तीसेक माणसं. एवढ्या लहान गटात चार-पाच जणांना योगायोगाने फार आराम पडला तरी सरासरी हलते. म्हणून एका अभ्यासावर उडी मारू नका. दुसऱ्यांनी, जास्त लोकांवर करून पाहिल्यावर त्याच दिशेचा निकाल आला का, ते बघा. अश्वगंधेच्या बाबतीत ताणासाठी असे अनेक छोटे अभ्यास एकाच दिशेला गेले आहेत, म्हणून आम्ही ती निर्धास्तपणे ठेवतो. पण ‘साठ दिवसांत ताण निम्मा’ असा बोर्ड आमच्या दुकानावर दिसणार नाही.

दुसरा गटच नसलेले अभ्यास तर सरळ बाजूला ठेवा. समजा दहावी-बारावीच्या परीक्षेआधी फेब्रुवारीत वीस पालकांना गोळ्या सुरू केल्या आणि एप्रिलमध्ये विचारलं. ताण उतरलेलाच असणार, मग गोळीत खडूची भुकटी का असेना. माणूस औषधाला हात घालतो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाचा त्रास पुष्कळदा आपोआपच खाली येतो.

अर्काची डबी घेताना, आमची असो वा कुणाचीही, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘मुळाचा अर्क’ असं स्पष्ट हवं, कारण स्वस्त मालात पानं मिसळली जातात, आणि पानं वापरू नयेत अशी सूचना आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना दिली आहे. एका कॅप्सूलमध्ये अर्क किती मिलीग्रॅम आणि विथॅनोलाइड किती टक्के, हे दोन्ही आकडे हवेत. आमच्या डबीवर लॉट नंबर असतो, त्या लॉटचा लॅब रिपोर्ट मागितलात तर काउंटरवर दाखवतो. आमची डबी थोडी महाग पडते ती या तपासणीमुळे. किंमत जुळवायची तर डबीच्या किमतीला डबीतल्या एकूण विथॅनोलाइडने भागा. दुसरीकडची डबी सोबत आणलीत तर भागाकार आम्ही करून देतो.

थायरॉइडची गोळी, झोपेचं औषध किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल, यकृताची तक्रार असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा, मग या. घेताना डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली तर कॅप्सूल लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा.

येताना जाहिरातीचा फोटो नको, मूळ अभ्यासाचा सारांश आणा. त्यात ‘रूट एक्स्ट्रॅक्ट’ आहे की ‘पावडर’, ते आधी बघा. फोडलेलं पाकीट बदलून मिळत नाही. न फोडलेलं सात दिवसांत पावतीसह आणलंत तर चूर्णाऐवजी अर्क घेता येईल, वरचा फरक तेवढा भरावा लागेल.