एक चेहरा, सहा भाव: फोटोवरून स्टिकर करताना ओळख कशी टिकते

एखाद्याच्या फोटोवरून चॅटसाठी स्टिकरचा संच काढायला घेतला, की पहिले स्टिकर बहुधा छान जमते. मग राग येतो, आश्चर्य येते, रडू येते आणि चौथ्या-पाचव्या चित्रापर्यंत चेहरा भलत्याच कोणाचा तरी होऊन बसतो. बहुतेक वेळा कारण एकच असते. भाव दाखवण्यासाठी जे हलवायचे, त्याच्याबरोबर जे कधीच हलत नाही तेही हलवलेले असते.

चेहऱ्यावर हाडाने ठरणारा भाग असतो आणि स्नायूंनी ठरणारा भाग असतो. दोन डोळ्यांमधले अंतर, नाकाचा दांडा, कपाळाची उंची, केसांची रेषा, कानांची जागा ही ठेवण कितीही हसले-रडले तरी तशीच राहते. भुवया, पापण्या, गाल, नाकपुड्या आणि ओठ मात्र सतत हलतात. खालचा जबडा बिजागरीवर उघडतो, म्हणून तोंड वासले की चेहऱ्याचा फक्त खालचा भाग लांबतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी १९७८मध्ये या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत प्रसिद्ध केली. त्यात ओठांचे कोपरे वर ओढणे म्हणजे क्रमांक १२, गाल उचलले जाणे म्हणजे ६, भुवया खाली येऊन जवळ येणे म्हणजे ४. स्टिकर काढणाऱ्यासाठी ही यादी फार उपयोगाची आहे, कारण प्रत्येक भाव म्हणजे दोन-चार ठरावीक हालचालींची बेरीज, असे तिच्यामुळे दिसू लागते.

मूळ फोटो शक्यतो दीड मीटर अंतरावरून, थोडा झूम करून काढलेला असावा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरेच जवळ असते, म्हणून ते मोठे आणि कान लहान दिसतात. ही चूक मग संचातल्या प्रत्येक स्टिकरमध्ये उतरते. सेल्फी आरशासारखी उलटी साठवली गेली आहे का, हेही पाहावे. भांग किंवा तीळ चुकीच्या बाजूला गेला, तर ओळखीच्या माणसांना काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही.

पुढची अडचण अशी, की हाती येणारा फोटो बहुधा हसरा असतो. त्याच्यावरच रागाच्या भुवया चढवल्या, तर गाल वर आणि कपाळावर आठ्या असा कुत्सित चेहरा तयार होतो. म्हणून आधी हसू उतरवून भावहीन मूळ चित्र करावे. ओठांचे कोपरे वर ओढणारा झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू गालाच्या हाडापासून तिरका खाली येतो. कोपरे त्याच तिरक्या रेषेवरून खाली आणि किंचित आत आणायचे. नुसते सरळ खाली ओढले तर चेहरा दुःखी दिसतो. मग नाकापासून ओठांकडे येणारी घडी फिकी करायची, गालांचा फुगवटा कमी करायचा आणि खालची पापणी थोडी उतरवायची. हे मूळ चित्र कोणत्याही स्टिकरमध्ये जाणार नसते, तरी सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यावा.

आता मोजमाप. एकक म्हणून बुबुळ घ्यावे. प्रौढांमध्ये त्याचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो आणि भावाने तो बदलत नाही. समजा, मोठ्या कॅनव्हासवर बुबुळ ६० पिक्सेल आहे, एका डोळ्याची रुंदी १५० पिक्सेल आहे आणि दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमध्ये १८० पिक्सेल अंतर आहे. चित्रकलेच्या ढोबळ नियमाप्रमाणे हे अंतर एका डोळ्याइतके, म्हणजे १५० असायला हवे. या चेहऱ्यात ३० जास्त आहे, आणि याच ३०मध्ये त्या व्यक्तीची ओळख आहे. स्टिकर चॅटमध्ये छोटे दिसते, म्हणून हा फरक थोडा वाढवावा: दीडपट केला तर ४५, म्हणजे अंतर १९५. असे दोन किंवा तीन ठळक फरकच निवडावेत. प्रत्येक गोष्ट वाढवली, तर अर्कचित्र होते आणि ज्याचे आहे तो ते वापरायला तयार होत नाही. एकदा ठरलेले १९५ मात्र सहाही स्टिकरमध्ये १९५च राहिले पाहिजे.

हे पाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे थर. डोक्याची बाह्यरेषा, केस, कान आणि नाकाचा दांडा एका थरावर ठेवून तो कुलूपबंद करावा. डावी भुवई, उजवी भुवई, पापण्या, बुबुळे, गाल, तोंड आणि हनुवटी यांना वेगवेगळे थर द्यावेत. नवा भाव म्हणजे याच थरांची नवी मांडणी. दरवेळी नव्याने चित्र काढू नये, आणि भुवयांऐवजी इमोजीच्या तयार भुवया तर मुळीच लावू नयेत. माणूस ओळखण्यात भुवयांचा वाटा फार मोठा असतो. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून भुवया काढून टाकल्यावर त्यांना ओळखणे डोळे काढून टाकल्यापेक्षाही अवघड गेले होते. म्हणून भुवई फिरवा, सरकवा, थोडी वाकवा, पण तिची जाडी आणि टोकाचा आकार मूळचाच ठेवा.

मोकळ्या हसण्यात ओठांचे कोपरे वर जातात, गाल उचलतात, खालची पापणी वर सरकते आणि नाकपुड्या थोड्या रुंदावतात. आश्चर्यात भुवया पूर्ण वर, वरची पापणी वर आणि जबडा खाली. इथे नेहमीची चूक म्हणजे बुबुळ मोठे करणे. ते ६० पिक्सेलच ठेवून त्याच्या वर पांढरा भाग दाखवला, की डोळा विस्फारलेला दिसतो. रागात भुवया खाली आणि जवळ, ओठ घट्ट मिटलेले. दुःखात भुवयांची फक्त आतली टोके वर. शंकेत एकच भुवई वर, पण कोणती, हे त्या व्यक्तीलाच विचारावे. पुष्कळांना एकच बाजू उचलता येते. सर्वांत कठीण पडते ते रडणे, कारण मिटलेल्या डोळ्यांत बुबुळ दिसत नाही. तिथे केसांची रेषा, भुवया आणि चष्मा असल्यास त्याची चौकट यांवरच ओळख टिकते, म्हणून हात किंवा मोठे अश्रू त्यांच्यावर येऊ देऊ नयेत. उघड्या तोंडातले दात फोटोत दिसत नसतील, तर एक साधी पांढरी पट्टी पुरे. कल्पनेने काढलेले सुबक दात ओळख झटक्यात घालवतात.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी चित्र ५१२ × ५१२ पिक्सेल, पारदर्शक पार्श्वभूमीचे, वेबपी स्वरूपात आणि १०० केबीच्या आत लागते. संचात किमान ३ आणि कमाल ३० स्टिकर असतात. कडेला १६ पिक्सेल मोकळे ठेवावेत आणि आकृतीभोवती ८ पिक्सेलची पांढरी किनार द्यावी, नाहीतर गडद पार्श्वभूमीवर काळे केस विरून जातात. cwebp या कमांड-लाइन साधनाने रूपांतर असे करता येते:

```
cwebp -resize 512 512 -size 90000 raag.png -o raag.webp
```

तपासणी मूळ आकारात करू नये. चित्र १५० पिक्सेलपर्यंत लहान करून, नाव न सांगता, त्या व्यक्तीला रोज भेटणाऱ्या कोणाला तरी दाखवावे. स्टिकर ज्याचे आहे त्याचा निवाडा इथे फारसा चालत नाही, कारण त्याला आपला चेहरा आरशातला, उलटा, सवयीचा असतो. पाहणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: हे कोण, आणि याला काय झाले आहे? नाव चुकले, तर कुलूपबंद थर मूळ चित्रावर अर्धपारदर्शक ठेवून काय सरकले ते पाहावे, आणि भुवयांची जाडीही ताडावी. नाव बरोबर येऊन भाव चुकला, तर ठेवणीला हात न लावता हालचाल अजून थोडी वाढवावी आणि ते चित्र आधी न पाहिलेल्या दुसऱ्या ओळखीच्या माणसाला दाखवावे.