३५ची बाकी आणि २४चा घातांक

३चा १०००वा घात काढा, त्याला ३५ने भागा आणि बाकी सांगा. ही संख्या लिहून काढली तर ४७८ अंकी होते, म्हणजे सरळ भागाकाराचा प्रश्नच येत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना यावर एक उपाय पाठ असतो: बाक्या लिहीत जायच्या आणि त्या कुठे पुन्हा सुरू होतात ते पाहायचं. शेवटचा अंक काढताना हा उपाय छान चालतो. ७च्या घातांचे शेवटचे अंक ७, ९, ३, १ असे चारातच फिरतात. भाजक ३५ असला की यादी लांबते. भाजक हजाराच्या घरात गेला की पानंच्या पानं भरतात आणि मध्ये एक गुणाकार चुकला तर पुढचं सगळं वाया जातं.

म्हणून यादी न करताच १००० हा घातांक छोटा करायला हवा. पण त्याला भागायचं कशाने? पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून इथे हमखास दोन चुका होतात. एक म्हणजे घातांकालाही ३५नेच भागणं. १०००ला ३५ने भागल्यावर बाकी २० उरते आणि ३च्या २०व्या घाताची बाकी १६ येते. दुसरी चूक जरा अभ्यास केलेल्यांची. भाजक मूळ संख्या असेल तर घातांकाला तिच्याहून एकने लहान संख्येने भागतात, हा फर्माचा १६४०चा नियम त्यांना ठाऊक असतो. त्यावरून ते ३४ने भागतात, घातांक १४ उरतो आणि उत्तर ९ येतं. दोन्ही उत्तरं चूक आहेत. ३५ मूळ नाही, ती ५ गुणिले ७ आहे, आणि तिच्यासाठी योग्य संख्या २४ आहे.

२४ येते कुठून ते पाहू. १ ते ३५ मधल्या ज्या संख्यांत ५ नाही आणि ७ही नाही, म्हणजे ज्या ३५शी सहमूळ आहेत, त्या मोजायच्या. ३५ पैकी ७ संख्या पाचाच्या पटीत आहेत आणि ५ संख्या साताच्या पटीत. दोन्ही वजा केल्या की २३ उरतात. पण ३५ ही संख्या दोन्हीकडे मोजली गेली, म्हणजे ती दोनदा वजा झाली, म्हणून एक परत मिळवायचा. झाले २४. हेच (५ − १) × (७ − १), म्हणजे ४ × ६. या मोजणीला टोशंट म्हणतात. फर्माचा नियम संयुक्त भाजकांपर्यंत नेणारा ऑयलरचा लेख १७६३ साली छापून आला. आज टोशंटसाठी वापरतात ते φ हे चिन्ह मात्र गाउसने १८०१ साली रूढ केलं.

आता खरा प्रश्न. सहमूळ संख्या मोजण्याचा आणि घातांकाचा संबंध काय? मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग, आणि त्याला शाळेच्या गणितापलीकडचं काहीच लागत नाही. त्या २४ संख्या एका ओळीत मांडा: १, २, ३, ४, ६, ८, ९, ११, १२, १३ असं करत ३४पर्यंत. प्रत्येकीला ३ने गुणा आणि ३५ची बाकी घ्या. १चे ३ होतात, २चे ६, ४चे १२. १२चे ३६, म्हणून बाकी १. १३चे ३९, बाकी ४. ३४चे १०२, बाकी ३२. अशा चोवीसही बाक्या काढल्या तर नवीन काहीच येत नाही, त्याच २४ संख्या क्रम बदलून हजर होतात. कारण गुणाकारात ५ किंवा ७ शिरायला वावच नाही. शिवाय दोन वेगळ्या संख्यांची बाकी सारखी येऊ शकत नाही. तशी आली असती तर त्यांच्या फरकाची तिप्पट ३५ने भागली गेली असती. पण ३मध्ये ना ५ आहे ना ७, म्हणून तो फरकच ३५च्या पटीत असावा लागला असता, आणि ३५हून लहान फरकाला ते शक्य नाही.

आता दोन्ही ओळींचे गुणाकार करा. संख्या त्याच, म्हणून दोन्ही गुणाकारांची बाकी एकच. पण दुसऱ्या ओळीत ३ हा अवयव २४ वेळा जास्तीचा आला आहे. सामाईक भागात ५ किंवा ७ नसल्याने तो दोन्हीकडून काढून टाकता येतो. मागे एवढंच राहतं की ३च्या २४व्या घाताची बाकी १ आहे.

आता गणित चार ओळींचं. १०००मध्ये २४ एक्केचाळीस वेळा जातात, ९८४ होतात, उरतात १६. म्हणजे ३चा १६वा घात पुरे, आणि तिथे वर्ग करत जायचं:

३चा वर्ग ९.
चौथा घात ८१, बाकी ११.
आठवा घात १२१, बाकी १६.
सोळावा घात २५६, बाकी ११.

उत्तर ११. पडताळा घ्यायचा तर ५ आणि ७ वेगवेगळे तपासावेत. ५साठी घातांक ४ने भागायचा, १००० निःशेष भागला जातो, म्हणून बाकी १ हवी. ११ला ५ने भागलं की १च उरतो. ७साठी घातांक ६ने भागायचा, ४ उरतात, ८१ला ७ने भागल्यावर बाकी ४. ११ला ७ने भागूनही ४च.

चौथ्या आणि सोळाव्या घाताची बाकी सारखीच आली, हे लक्षात आलं असेल. ३चं चक्र प्रत्यक्षात १२ पावलांचंच आहे, कारण ४ आणि ६चा लसावि १२ आहे. २४ ही चक्राची लांबी नव्हे. चक्राची लांबी तिला भागते एवढीच हमी असते, आणि घातांक छोटा करायला ती पुरते.

ही हमी पाया ३५शी सहमूळ असेल तेव्हाच मिळते. ५चा २४वा घात घ्या. नियम आंधळेपणाने लावला तर बाकी १ म्हणाल, पण पाचाच्या घाताला ३५ने भागून १ उरणं शक्यच नाही, बाकी पाचाच्याच पटीत यायला हवी. खरी बाकी १५ आहे. म्हणून घातांकाला हात लावण्याआधी पाया आणि भाजक यांचा मसावि पाहायचा. तो १ नसेल तर ५ आणि ७च्या बाक्या वेगळ्या काढून जोडायच्या.

दुसरी मर्यादा मोठ्या संख्यांची. २४ झटकन मिळाले, कारण ३५चे अवयव आपल्याला माहीत होते. १९७७च्या आरएसए सांकेतिक पद्धतीत भाजक दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो. तो सगळ्यांना उघड असतो, अवयव गुप्त असतात आणि टोशंट त्यांच्याआड दडलेला असतो. अवयव न काढता टोशंट शोधण्याची एखादी पळवाट असेल का? असती, तर अवयवही लगेच उघडे पडले असते. समजा, कुणी फक्त ३५ आणि २४ सांगितले. ३५मधून २४ वजा करून १ मिळवला की १२ येतात, आणि ही त्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. बेरीज १२ आणि गुणाकार ३५ म्हटल्यावर ५ आणि ७ शोधायला नववीतला विद्यार्थीही पुरे.